तीन जागा, एक तार: भाड्याच्या कागदांची वर्षवार फाइल लावतानाच्या नोंदी

सांगलीत आमच्या तीन जागा भाड्यानं दिलेल्या आहेत. विश्रामबागेत आईच्या नावावर फ्लॅट, गावभागातल्या जुन्या घराच्या वरच्या दोन खोल्या आणि मिरजेत रस्त्यालगत एक गाळा. अण्णांनी आजवर सगळे कागद सांभाळले, पण ते त्यांच्या पद्धतीनं. यंदा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. एप्रिलच्या सुरुवातीला टॅक्सवाल्या काकांनी फोन करून गेल्या वर्षाचं भाडं आणि घरपट्टी विचारली, तेव्हा अण्णांना तीन दिवस लागले आणि तरी आकडा चुकला. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. ज्यांच्या घरी अशीच पिशवी टांगलेली आहे, त्यांच्यासाठी या नोंदी.

6 एप्रिल 2025, रविवार

आज फक्त कागद बाहेर काढले. स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला एक तार आहे, जुन्या किराणा दुकानात असायची तसली, खाली लाकडी गोल चकती आणि वर आकडा. मिळेल ती पावती अण्णा तिच्यात टोचतात. खाली सगळ्यात जुनं, वर सगळ्यात नवं. लाइट बिल, प्लंबरची चिठ्ठी, घरपट्टी, देवळाची वर्गणी, सगळं एकाच तारेत. त्याशिवाय बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आणि माळ्यावर एक कापडी पिशवी निघाली.

पिशवीतलं बंडल 2019 च्या पुरात भिजलेलं आहे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती आणि गावभागातल्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर अण्णांनी बंडल उन्हात ठेवलं, पण पानं सुटी केली नाहीत. आता ती विटेसारखी घट्ट चिकटली आहेत. सुरीचं बोथट टोक घालून तासाभरात चौदा पानं सोडवली, त्यातली पाच फाटली. बॉलपेननं लिहिलेलं सगळं वाचता येतं. शाईच्या पेननं लिहिलेल्या पावत्यांवर निळा ढग तेवढा उरलाय. आमचं पावती पुस्तक अण्णा शाईच्या पेननंच भरत आले आहेत.

वेळ: साडेपाच तास. खर्च: शून्य. अण्णा मधूनमधून येऊन म्हणत होते, "तार काढू नकोस हं, माझं सगळं लक्षात असतंय त्यात."

9 एप्रिल

बाजारातून तीन मोठ्या लिव्हर फायली (540 रुपये), प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्यांचं पाकीट (260), पंचिंग मशीन (180) आणि विभाग पाडायचे रंगीत पुठ्ठे (90) आणले.

संध्याकाळी उत्साहात पहिली मांडणी केली, ती चुकली. एका फायलीत सगळ्या पावत्या, दुसरीत सगळी बिलं, तिसरीत सगळे करार. दिसायला सुबक. मग स्वतःलाच एक प्रश्न विचारून पाहिला: गाळ्यावर गेल्या वर्षी किती खर्च झाला? उत्तरासाठी तिन्ही फायली उघडाव्या लागल्या आणि बिलांच्या फायलीतलं प्रत्येक पान उलटावं लागलं. कागदाबद्दल कुणी विचारतं तेव्हा ते जागेबद्दल विचारतं. काका विचारतात ते जागेचं, भाडेकरू भांडतो तो जागेवरून, उद्या विकायची झाली तरी एकच जागा विकणार. म्हणून फाइल जागेची हवी आणि आत विभाग कागदाच्या प्रकाराचे. दोन तास पाण्यात.

13 एप्रिल, रविवार

आता प्रत्येक जागेची एक फाइल आहे. पाठीवर ठळक अक्षरात जागेचं नाव आणि वर्ष: "विश्रामबाग, 2024-25". आत चार पुठ्ठे: भाडं, घरपट्टी-पाणीपट्टी, दुरुस्ती, भाडेकरू.

वर्ष कुठलं धरायचं यावर मात्र अडले. करार जूनपासून मेपर्यंत, घरपट्टी एप्रिल ते मार्च, आणि अण्णांच्या डोक्यात वर्ष म्हणजे दिवाळी ते दिवाळी. शेवटी एप्रिल ते मार्चच धरलं, कारण वर्षातून एकदा सक्तीनं हिशेब द्यायचा असतो तो याच वर्षाचा.

करार या वर्षात बसत नाही. छत्तीस महिन्यांचा करार तीन फायलींत कसा घालणार? म्हणून चौथी फाइल केली, "कायमची". मूळ करार, इंडेक्स 2, खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा आणि डिपॉझिटची पावती त्यात. वर्षाच्या फायलीत कराराची झेरॉक्स, आणि तीही फक्त दोन पानांची: भाडं, डिपॉझिट व मुदतीचं पान आणि सह्यांचं पान. सगळा करार दर वर्षी झेरॉक्स करायची गरज नाही. हे मला सोळा पानं काढून झाल्यावर सुचलं.

20 एप्रिल, रविवार

आजचा अख्खा दिवस पाचशे रुपयांनी खाल्ला.

विश्रामबागेच्या फ्लॅटचं भाडं 1 एप्रिल 2024 पासून साडेआठ हजारांवरून नऊ हजार झालं. म्हणजे 2024-25 चं बारा महिन्यांचं भाडं 1,08,000 यायला हवं. पावती पुस्तकाच्या स्थळप्रतींवर त्या वर्षातल्या तारखांच्या बरोब्बर बारा पावत्या सापडल्या. बेरीज 1,07,500. तीनदा केली. आधी वाटलं एखाद्या महिन्यात भाडेकरूनं पाचशे कमी दिले. पासबुक काढलं, तर सगळं जमा.

मग पहिल्या पावतीवर नजर गेली. तारीख 5 एप्रिल 2024, रक्कम 8,500. आमच्याकडे महिना भरल्यावर पाच तारखेपर्यंत भाडं येतं. म्हणजे ती पावती मार्च 2024 च्या भाड्याची होती आणि गेल्या वर्षाच्या हिशेबात जायला हवी होती. मार्च 2025 चं भाडं आलं 4 एप्रिल 2025 ला, ती पावती मी नव्या वर्षाच्या ढिगात टाकली होती. काकांना फोन केला. ते म्हणाले, घरभाड्याला हातात पैसे कधी आले ते बघायचं नाही, भाडं कुठल्या महिन्याचं ते बघायचं. अण्णा गेली कित्येक वर्षं पावतीच्या तारखेनं बेरीज करत होते. भाडं तेच राहिलं की फरक दिसत नाही, वाढलं त्या वर्षीच दिसतो.

दोष पावतीचा आहे. छापील पावती पुस्तकात तारीख, नाव, रक्कम आणि "बाबत" अशी एक ओळ असते. त्या ओळीत अण्णा "घरभाडे" एवढंच लिहितात. आता "घरभाडे, मार्च 2025" असं लिहायचं ठरलं. जुन्या बारा स्थळप्रतींवर पासबुकाशी ताडून मी पेन्सिलीनं महिना घातला. पेन्सिलीनंच, कारण दिलेल्या पावतीची प्रत मागाहून पेननं भरली की ती पुढे संशयाची होते.

पासबुकाच्या झेरॉक्सवर प्रत्येक भाड्याच्या नोंदीपुढे पावती क्रमांक लिहिला. गाळेवाले अर्धं भाडं रोखीनं देतात, त्यामुळे तिथे पासबुक अर्धवटच बोलतं आणि पावतीच पुरावा उरते. पाच हजारांवर रोख घेतली तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, तो आमच्या एकाही पावतीवर नव्हता. पोस्टातून वीस आणून ठेवले. भाड्याची पावती देणं महाराष्ट्रातल्या भाडे नियंत्रण कायद्यानं घरमालकावर बंधनकारकच आहे, मागितली तर द्यायची असा प्रकार नाही. अण्णांना हे माहीत होतं. मला नव्हतं.

22 एप्रिल

याच शोधात निघालेली आणखी एक गोष्ट. फ्लॅट आईच्या नावावर, पण पावतीवर सही अण्णांची, भाडं अण्णांच्या खात्यात आणि भाडेकरूनं त्यांच्या ऑफिसात दिलेला पॅनही अण्णांचा. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की नोकरदार भाडेकरूला घरभाडे भत्त्यासाठी मालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि मालक आई आहे. काकांनी कपाळाला हात लावला असावा, फोनवर दिसलं नाही. या महिन्यापासून भाडं आईच्या खात्यात, पावतीवर आईची सही. आईनं पहिल्या पावतीवर सही करायला चष्मा, टेबल आणि दहा मिनिटं घेतली.

27 एप्रिल, रविवार

घरपट्टी. इथे मला वाटलं होतं काम दहा मिनिटांचं, तर फायदाच निघाला.

फ्लॅटची 2023-24 ची घरपट्टी 4,640 थकली होती, ती अण्णांनी 18 जून 2024 ला भरली. 2024-25 ची 4,860 भरली 21 मार्च 2025 ला. मी प्रामाणिकपणे पहिली पावती जुन्या वर्षात टाकली, कारण तिच्यावर तेच वर्ष छापलेलं. काका म्हणाले, इथे उलटं. भाडं ज्या महिन्याचं त्या वर्षात, पण महापालिकेचा कर ज्या वर्षी प्रत्यक्ष भरला त्या वर्षात वजा होतो, आणि तोही मालकानं भरला असेल तरच. म्हणजे दोन्ही पावत्या 2024-25 च्याच.

हिशेब असा झाला. भाडं 1,08,000. त्यातून भरलेला कर 9,500 वजा, उरले 98,500. त्यावर सरसकट तीस टक्के वजावट, 29,550. करपात्र उत्पन्न 68,950. मी मांडलं होतं तसं एकच घरपट्टी धरली असती तर 72,198 आलं असतं. फरक मोठा नाही, पण तो एका कागदाच्या जागेवर अवलंबून होता.

तेव्हा घरपट्टीची पावती भरल्याच्या तारखेनं लावायची. एकाच फायलीत एक विभाग "कुठल्या महिन्याचं" या नियमानं आणि शेजारचा "कधी भरलं" या नियमानं चालतो, म्हणून पुठ्ठ्यांवरच मार्करनं तसं लिहून टाकलं. सोसायटीचा मेंटेनन्स आणि पाणीपट्टीची बिलं त्याच विभागात आहेत, पण मागे. त्यांची बेरीज घरपट्टीत मिसळायची नाही. ऑनलाइन भरल्यावर मोबाइलवर येणारा मेसेज पावती नव्हे, महापालिकेची पावती उतरवून छापून घेतली.

1 मे

सुट्टीचा दिवस आणि आपत्ती.

हार्डवेअरच्या दुकानात हल्ली बारक्या मशीनवर बिल निघतं, गुळगुळीत कागदावर. त्यावर शाई नसते, कागदच उष्णतेनं काळा होतो. 2022 ची तीन बिलं जवळजवळ कोरी झाली होती. उरलेली टिकावीत म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करायचं ठरवलं. पहिलं बिल मशीनमधून बाहेर आलं ते पूर्ण काळं. लॅमिनेशन म्हणजे उष्णता, आणि हा कागद उष्णतेनंच काळा होतो. दोघंही त्या काळ्या चौकोनाकडे बघत उभे राहिलो. गीझरचं बिल होतं, 6,850 रुपयांचं, वॉरंटीसकट.

उरलेल्या अकरा बिलांची साध्या कागदावर झेरॉक्स काढली (22 रुपये) आणि मूळ बिल मागे स्टेपल केलं. प्लास्टिकच्या पिशवीतही असं बिल ठेवायचं नाही, तिथेही अक्षरं लवकर उडतात. म्हणजे 260 रुपयांच्या पाकिटाला निम्मंच काम राहिलं. गीझरच्या बिलासाठी दुकानात गेले. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर नोंद होती म्हणून दुसरी प्रत मिळाली. मला फक्त महिना आठवत होता, त्यामुळे पाऊण तास शोधाशोध करावी लागली.

2 मे

दुरुस्तीच्या विभागावर बसले आणि काकांचं एक वाक्य ऐकून हात आखडले: घरभाड्याच्या उत्पन्नाला दुरुस्तीचं एकही बिल लागत नाही. ते तीस टक्के सरसकट मिळतात, खर्च शून्य झाला तरी आणि लाख झाला तरी. फ्लॅटवर यंदा 17,400 खर्च झाले, त्यातला एक रुपयाही वेगळा वजा होणार नाही.

मग तारेतली ही सगळी बिलं कशाला जपायची? अण्णांचं उत्तर तयार होतं, "कागद फेकायचा नसतो." माझी दोन कारणं दिवसभरात हळूहळू सापडली.

पहिलं कारण विक्री. पुरानंतर गावभागातल्या वरच्या खोल्यांना नवा संडास-बाथरूम बांधला, पूर्ण वायरिंग बदललं, कडप्प्याचा नवा ओटा केला. अशा कामानं जागेत भर पडते, आणि उद्या घर विकलं तर ती रक्कम किमतीत धरून नफा कमी होतो. रंग, गळका नळ, फुटलेली काच यांना तो मान नाही. घर आजोबांच्या वेळचं आहे, त्यामुळे 1 एप्रिल 2001 च्या आधी केलेलं काम धरता येत नाही, त्यानंतरचं येतं. म्हणून दुरुस्तीचे दोन ढीग केले. किरकोळ दुरुस्ती वर्षाच्या फायलीत. भर घालणारी कामं "कायमची" फायलीत, जागा विकेपर्यंत. शंका आली ते बिलही तिकडेच, नंतर काढून टाकणं सोपं.

पुरानंतरच्या कामाचे कागद मात्र बघवत नव्हते. गवंड्याचा हिशेब कॅलेंडरच्या पानामागे: "मजुरी 14 दिवस, वाळू 2 ब्रास, उचल 20,000, 15,000." ना पूर्ण नाव, ना सही, ना कुठलं घर. गवंडी गावभागातलेच, आज संध्याकाळी भेटले. साध्या कागदावर कामाचं वर्णन, जागा, काळ आणि मिळालेली एकूण रक्कम लिहून त्यांनी सही केली. तारीख मात्र आजचीच घातली, मागची घालायची नाही असं मीच सांगितलं. त्यातले 35,000 अण्णांनी चेकनं दिले होते, त्या पानाची पासबुकातली झेरॉक्स जोडली. त्या आधारानं चिठ्ठीला वजन आलं. उरलेल्या रोख रकमेला तेवढं वजन नाही.

दुसरं कारण उद्याच समोर यायचं होतं.

3 मे, शनिवार

गावभागातल्या खोल्यांचे भाडेकरू तीस एप्रिलला गेले. एक नर्सताई, चार वर्षं राहिल्या, भाडं कधी चुकवलं नाही. डिपॉझिट वीस हजार. आज त्या किल्ली द्यायला आणि पैसे घ्यायला आल्या.

अण्णांनी तोंडीच हिशेब मांडला: रंगाचे सहा हजार, बेसिनचे साडेतेराशे, लाइट बिल. ताई म्हणाल्या, "काका, बेसिन तर मी यायच्या आधीपासून तडकलेलं होतं. तुम्हीच नंतर बदललंत की."

फाइल उघडली. रंगाचं बिल 2021 चं, त्या राहायला यायच्या आधीचं. चार वर्षांचा रंग फिका पडणारच, करारात रंगाबद्दल ओळही नाही. तो मुद्दा अण्णांनी स्वतःच सोडला. बेसिनचं बिल होतं 1,350 चं, त्यावर छापलेलं "वॉश बेसिन, 1 नग". तारीख 2023 ची. त्याच वर्षी फ्लॅटचंही बेसिन बदललं होतं. हे बिल कुठल्या घराचं ते कुणालाच सांगता येईना. आणि गावभागाचं असलं तरी आधी तडकलेलं की यांच्या काळात फुटलं? शेवटी प्लंबरला फोन. त्याच्या मोबाइलमध्ये जुन्या कामांचे फोटो असतात. दहा मिनिटांत फोटो आला: जुन्या बेसिनची तडक पिवळी पडलेली, कडेला शेवाळ. ताजी तडक पांढरी असते. तेही सोडलं.

राहिलं लाइट बिल. शेवटचं बिल 12 एप्रिलच्या रीडिंगपर्यंतचं. तीस तारखेला मीटरचा फोटो मी काढून ठेवला होता, त्यातून 61 युनिट निघाले. आधीच्या बिलाची रक्कम भागिले युनिट केलं तर सगळे आकार धरून युनिटला सात रुपयांच्या आसपास पडतं. 430 कापले, 19,570 परत दिले, डिपॉझिट पावतीच्या मागे "पूर्ण परत मिळाले, लाइट बिलापोटी 430 वजा" असं लिहून सही घेतली. ताईंनी जाताना तुळशीची कुंडी तिथेच ठेवली.

त्या गेल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बिलाच्या मागं लिहायला पायजे होतं."

तसं आता लिहायचं. दुकानातून बिल हातात आलं की मागे चार गोष्टी: कुठली जागा, काय बिघडलं होतं, कुणी दुरुस्त केलं, पैसे कुणी दिले. शब्द दहाच लागतात, पण त्याच दिवशी लागतात. आणि भाडेकरू येताना-जाताना एक यादी: पंखे किती, नळ किती, बेसिन, काचा, मीटर रीडिंग, दोघांच्या सह्या. ती "भाडेकरू" विभागात पहिल्या पानावर. त्या विभागाला आजवर मी फालतू समजत होते.

11 मे, रविवार

गाळ्याचा करार. 31 मार्चला मुदत संपली हे कागद लावताना कळलं, म्हणजे चाळीस दिवस उलटून गेल्यावर. शिवाय तो नुसता नोटरी केलेला होता. अण्णांची समजूत अशी की अकरा महिन्यांच्या आतल्याला नोंदणी लागत नाही, आणि त्याहून जास्तीच्याला नोटरी चालते. महाराष्ट्रात दोन्ही चूक. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. आमचे गाळेवाले भले माणूस म्हणून निभावलं.

नवा करार 36 महिन्यांचा, भाडं 11,000, डिपॉझिट एक लाख. मुद्रांक शुल्क असं निघतं: एकूण भाडं 3,96,000, त्यात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज तीन वर्षांचं 30,000, मिळून 4,26,000. त्याच्या पाव टक्का म्हणजे 1,065. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एजंटनं घरी येऊन अंगठे घेतले, त्याचे 1,500. अण्णांचा अंगठा मशीननं चारदा नाकारला, शेवटी हात धुऊन कोरडा केल्यावर पाचव्यांदा घेतला.

प्रत्येक फायलीच्या आतल्या कव्हरवर आता एक ओळ लाल पेननं आहे: करार कधी संपतो. आणि दोन महिने आधीची तारीख माझ्या मोबाइलमध्ये.

18 मे, रविवार

स्कॅनिंग. सगळंच करायला बसले तर सुट्टी संपेल, म्हणून आधी ठरवलं की पूर आला तर कुठला कागद परत मिळणार नाही. नोंदणीकृत कराराची आणि खरेदीखताची प्रत दुय्यम निबंधकांकडून मिळते, घरपट्टीची नोंद महापालिकेत असते, पासबुक बँक देते. भाडं-पावत्यांच्या स्थळप्रती, दुरुस्तीची बिलं, गवंड्याची चिठ्ठी आणि सह्या केलेली यादी मात्र जगात एकच असते. आधी तीच. मोबाइलवर दीडशे पानं, चार तास.

पहिल्या साठ फायलींना मोबाइलनं दिलेली नावं तशीच ठेवली, नंतर एकही सापडेना. सगळ्यांना पुन्हा नावं दिली: वर्ष, जागा, प्रकार, तारीख.

```
2024-25_VB_GHARPATTI_2025-03-21.pdf
2024-25_GB_DURUSTI_2024-09-08_NAL.pdf
KAYAM_MIRAJ_KARAR_2025-05-11.pdf
```

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की यादी आपोआप क्रमानं लागते. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक पुण्याला भावाकडे.

कागदी फायलींची जागाही बदलली. गावभागातून उचलून विश्रामबागेला आमच्या राहत्या घरी, कपाटाच्या वरच्या फळीवर. पाणी तिथवर आलेलं नाही. वर्षाच्या फायली आठ वर्षं ठेवायच्या असं आम्ही ठरवलं, "कायमची" कायमची.

26 मे

पाऊस यंदा लवकर आलाय, सकाळपासून लागून आहे. एकूण खर्च 1,092 रुपये, त्यात नव्या कराराचा आणि रेव्हेन्यू स्टॅम्पांचा खर्च धरलेला नाही. वेळ अंदाजे चाळीस तास, त्यातले दहा-बारा माझ्या चुकांचे.

राहिलेलं: भिजलेल्या बंडलातली वीसेक पानं अजून चिकटलेलीच आहेत. गाळेवाल्यांची 2023-24 ची तीन महिन्यांची पावती सापडत नाही, ती त्यांच्याकडच्या प्रतीवरून झेरॉक्स करून घ्यायची.

5 जून

फ्लॅटचं मे महिन्याचं भाडं आईच्या खात्यात आलं. पावती अण्णांनी लिहिली, बॉलपेननं, "घरभाडे, मे 2025", आईनं सही केली. मग स्थळप्रत पुस्तकात ठेवायच्या ऐवजी फाडून अण्णांनी ती सरळ तारेत टोचली. मी तार तशीच राहू दिलीय. दर रविवारी ती रिकामी करायची आणि कागद फायलीत लावायचे, भोकं आयतीच पडलेली असतात, पंचिंग मशीनपेक्षा जराशी वाकडी.